तेलकट खात नाही, वजन ६१ किलो, तरी एलडीएल २५०. ‘यकृतावर रिसेप्टर कमी’ म्हणजे नक्की काय?

पंचवटीकर
नमस्कार मंडळी. वय ३६, राहणार पंचवटी, वजन ६१ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल ३२२ आलं. एचडीएल ४६, ट्रायग्लिसराइड १३०, एलडीएल २५०. मला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली असेल. दुसऱ्या लॅबमध्ये उपाशीपोटी परत रक्त दिलं, तर २४६.

मग तीन महिने कडक पथ्य केलं. तळलेलं बंद, साय बंद, मिसळ तर विसरूनच गेलो. रोज पहाटे गोदाघाटावरून चालणं. तीन महिन्यांनी २३१. म्हणजे १९ अंकांसाठी एवढं सगळं केलं का?

डॉक्टर म्हणाले, “तुमच्या खाण्याचा दोष नाही, यकृताच्या पेशींवर एलडीएलचे रिसेप्टर कमी असावेत, घराण्यातलं दिसतंय.” आणि गोळी लिहून दिली. बाहेर रांग होती, त्यामुळे पुढे विचारता आलं नाही. माझे वडील ४७व्या वर्षी अॅटॅकने गेले, तेही असेच सडपातळ होते.

मला समजून घ्यायचंय. रिसेप्टर नेमकं काय करतो? आणि तो कमी असला की रक्तात एवढं का साचतं? गोळी अजून सुरू केलेली नाही. आधी कळू दे, मग घेईन, असा माझा स्वभाव आहे.

सिडको_आजोबा
बाळा, घाबरू नकोस. माझं ट्रायग्लिसराइड ४१० होतं, एलडीएलच्या जागी लॅबने नुसती रेघ मारली होती. रात्री भिजवलेले मेथीदाणे सकाळी चावून खाल्ले आणि गोड सोडलं, चार महिन्यांत १९० वर आलं. तूही करून बघ.

सातपूरवाला
रिसेप्टर वगैरे शब्दांचा बाऊ करू नका. सरळ गोष्ट आहे. कोलेस्टेरॉल यकृत बनवतं. काहींचं यकृत जन्मतःच जास्त बनवतं. स्टॅटिनची गोळी ते बनवणं थांबवते, म्हणून आकडा उतरतो. माझ्या सासऱ्यांच्या डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं.

रसायनी
पंचवटीकर, तुमचा प्रश्न मला फार आवडला. मी ३० वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवलं आणि या विषयावरचा तास मी कधीच दुसऱ्याला दिला नाही. मी डॉक्टर नाही हे लक्षात ठेवून वाचा.

आजोबा, तुमचा आणि यांचा आजार वेगळा आहे. ट्रायग्लिसराइड गोड, दारू, वजन यांना पटकन दाद देतं. आणि ती रेघ मारली कारण बहुतेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. एकूणमधून एचडीएल वजा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. पंचवटीकरांचं बघा, ३२२ मधून ४६ गेले, २६ गेले, उरले २५०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चुकतो.

आता रिसेप्टर. एलडीएल हा कोलेस्टेरॉलचा सुटा थेंब नाही. तो एक गोळा आहे, आत साधारण दीड हजार कोलेस्टेरॉलचे रेणू तेलासारखे भरलेले आणि बाहेरून एकच लांबलचक प्रथिन गुंडाळलेलं. रक्तातून फिरणाऱ्या या गोळ्याला शरीराबाहेर जायला स्वतःची वाट नाही. कोणीतरी त्याला धरून पेशीच्या आत ओढावं लागतं. बहुतांश काम यकृताच्या पेशी करतात आणि धरणारा हात म्हणजे रिसेप्टर. तो त्या बाहेरच्या प्रथिनाला पकडतो. पेशीच्या पृष्ठभागावर बारीक खळगे असतात, रिसेप्टर तिथे जमतात. खळगा आत वळतो, त्याची पिशवी होते, पिशवी पेशीच्या आत सुटते. तिथे आतलं वातावरण आम्लधर्मी होतं आणि त्या आम्लात रिसेप्टरची पकड सुटते. गोळा पुढे जाऊन तोडला जातो, त्यातलं कोलेस्टेरॉल पेशी वापरते, यकृत त्यातून पित्ताम्लंही बनवतं. आणि रिसेप्टर? तो मोकळा होऊन परत पृष्ठभागावर येतो. एका फेरीला साधारण दहा मिनिटं.

वॉल्व्हवाला
एक रिसेप्टर किती दिवस टिकतो सर?

रसायनी
सुमारे २० तास.

वॉल्व्हवाला
मग २० तास म्हणजे १२०० मिनिटं, दहाने भागले तर १२० फेऱ्या. एक हात आयुष्यात शंभराच्या वर गोळे उचलतो. म्हणजे एक हात कमी असणं हे एक गोळा राहून जाणं नाही, शंभर राहून जाणं आहे.

थॉमसनवाला
आम्ही निफाडकडे द्राक्षं करतो, थोडा माल वायनरीला जातो. रसायनी सरांचं वाचून मला आमचे क्रेट आठवले. क्रेट भरून माल जातो, तिथे क्रेट उलटा करून द्राक्षं क्रशरमध्ये आणि रिकामा क्रेट परत गाडीत. एकाच क्रेटने हंगामात किती खेपा होतात याचा हिशेब नाही. क्रेट निम्मे असले तर घडांनी वेली लगडलेल्या राहतात, माल तोच असूनही. पंचवटीकरांचं तसंच झालंय असं मी समजलो. बरोबर का?

रसायनी
अगदी बरोबर. आणि ‘क्रेट परत येतो’ ही गोष्ट धरून ठेवा, पुढे लागणार आहे.

सातपूरवाला
उपमा छान आहे पण माझा मुद्दा तसाच राहिला. क्रेट कमी आहेत की माल जास्त आहे हे रक्तातल्या आकड्यावरून कसं कळणार? दोन्हीत आकडा वाढेलच. आणि स्टॅटिन तर बनवणंच थांबवतं ना?

रसायनी
सातपूरवाले, तुमची शंका रास्त आहे. १९७० च्या सुमारास बहुतेक शास्त्रज्ञांचीही हीच समजूत होती की या घराण्यांत बनवणंच बेलगाम आहे. ती कशी बदलली ते सांगतो, कारण तो प्रयोग इतका स्वच्छ आहे की मी तो फळ्यावर काढताना दरवर्षी नव्याने खूश व्हायचो.

अमेरिकेत डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघं होते. त्यांनी कातडीच्या पेशी बशीत वाढवल्या. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल मिळालं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं जवळजवळ थांबवतात. काढून घेतलं की पुन्हा जोरात बनवतात. मग त्यांनी अशा रुग्णाच्या पेशी घेतल्या ज्याला आई आणि वडील दोघांकडून दोष आला होता. बशीत एलडीएल कितीही ओता, बनवणं थांबेचना. इथपर्यंत तुमचंच म्हणणं खरं वाटतं, की बनवायचं बटण बिघडलंय.

पण मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं. असं कोलेस्टेरॉल कोणाच्याही मदतीशिवाय पेशीत शिरतं. आणि रुग्णाच्या पेशींनी ताबडतोब बनवणं थांबवलं! म्हणजे बटण शाबूत होतं. बिघडला होता तो दरवाजा. पेशीला बाहेर एवढं कोलेस्टेरॉल आहे याचा पत्ताच लागत नव्हता. त्यातून रिसेप्टरचा शोध लागला, १९८५ चं नोबेल दोघांना मिळालं.

मीनल_गंगापूररोड
वा, हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पण एक शंका. रिसेप्टर नसलेली पेशी कोलेस्टेरॉलवाचून उपाशी मरत कशी नाही?

रसायनी
मीनलताई, ती स्वतःचं बनवते. म्हणूनच ती बनवत राहते. भोवती पाण्याचा पूर आणि ही विहीर खणतेय.

आणि स्टॅटिनचं उत्तर इथेच आहे. स्टॅटिन विहीर खणणं अडवतं. पेशीला आतून टंचाई जाणवते आणि ती काय करते? केंद्रकातून हुकूम सुटतो, रिसेप्टर वाढवा. दरवाजे वाढले की रक्तातला एलडीएल आत ओढला जातो. सातपूरवाले, म्हणजे तुमच्या सासऱ्यांचा आकडा उतरला तो मुख्यतः बनवणं कमी झाल्याने नाही, उचलणं वाढल्याने उतरला. गोळी काम करते विहिरीवर, फळ दिसतं दरवाजावर.

पंचवटीकर
सर, मग माझ्यात रिसेप्टरच खराब असतील तर गोळी वाढवून वाढवून काय वाढवणार? खराबच ना?

रसायनी
प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांची. वडिलांकडून खराब आली असेल तरी आईची चांगली आहे. पेशीने हुकूम सोडला की चांगल्या प्रतीवरून जादा रिसेप्टर बनतात. म्हणून गोळी चालते. दोन्ही खराब असतील तर मात्र तुमची शंका शंभर टक्के लागू पडते.

परिचारिका_नाशिकरोड
दोन्ही खराब असलेलं मूल मी पाहिलंय. १५ वर्षांपूर्वी, मी नवीन होते. नऊ वर्षांचा मुलगा, कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या पेरांवर पिवळसर गाठी. आईवडील चामखीळ समजून वर्षभर मलमं लावत होते, दोन ठिकाणी गाठी कापूनही झाल्या आणि पुन्हा आल्या. रक्त कोणी तपासलंच नव्हतं. शेवटी एका डॉक्टरांनी तपासायला सांगितलं तर एकूण कोलेस्टेरॉल ७०० च्या पुढे. आईवडील सख्खे आते-मामेभाऊबहीण. दोघांचे आकडे काढले तर दोघांचेही वाढलेले, आणि दोघांनाही काही त्रास नव्हता.

त्याला पूर्ण डोस दिला तरी आकडा जेमतेम हलला. तेव्हा मला कारण कळलं नव्हतं, आज सरांचं वाचून कळलं. वाढवायला दरवाजेच नव्हते. पुढे त्याला मुंबईला पाठवलं, नंतरचं मला ठाऊक नाही. तो मुलगा अजून आठवतो.

म्हणून सांगते, आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न जमवताना घरात कोणी चाळिशीत हृदयाने गेलं असेल तर दोन्ही बाजूंचं एलडीएल एकदा बघा.

सिडको_आजोबा
आमच्यात तर मामाची मुलगी हक्काची. हे कधी ऐकलं नव्हतं. नातवाच्या वेळी लक्षात ठेवीन.

रसायनी
ताई, तुम्ही सांगितलेल्या मुलासारख्याच एका सहा वर्षांच्या मुलीवर १९८४ मध्ये पिट्सबर्गला हृदय आणि यकृत दोन्ही एकदम बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. तिचं कोलेस्टेरॉल हजाराच्या वर होतं. नवं यकृत बसल्यावर ते झपाट्याने ३०० च्या आसपास उतरलं. बाकी शरीर तिचंच, बाकी पेशी दोषीच. एकट्या यकृताने एवढा फरक पाडला. यकृताच्या रिसेप्टरवर एवढा भर का देतात, त्याचा याहून थेट पुरावा मला माहीत नाही.

वॉल्व्हवाला
अंबडला पंप आणि टाक्यांवर काम करतो म्हणून हिशेबाने बघतो. टाकीत पाणी ठरावीक वेगाने येतंय आणि खालून जितकी पातळी तितक्या जोराने जातंय. भोक निम्मं केलं तर पातळी चढत चढत दुप्पट होते आणि तिथे थांबते, कारण दुप्पट दाबाने निम्म्या भोकातून तेवढंच पाणी जातं. कायम चढत राहत नाही. म्हणून पंचवटीकरांचा आकडा वर्षानुवर्षं २५० च्या आसपास स्थिर असणार. पण निम्म्याला दुप्पट. समजा रिसेप्टर शाबूत असते तर ११० असतं, दुप्पट २२० झालं. २५० कसं?

रसायनी
फार चांगलं पकडलंत. निरोगी माणसात एलडीएलचा गोळा रक्तात साधारण अडीच दिवस राहतो. एक प्रत खराब असलेल्यांत साडेचार दिवस. दोन्ही खराब असतील तर सहा दिवस. साडेचार भागिले अडीच म्हणजे १.८. दुप्पटही नाही, कारण रिसेप्टरशिवायच्या आडवाटांनीही थोडा एलडीएल जातो. तुमच्या टाकीला दुसरं एक बारीक भोक आहे असं समजा. म्हणजे ११० चे २०० च झाले. २५० ला अजून कमीच पडतं.

वॉल्व्हवाला
मग नळही जास्त सुटलेला असणार. येणारं पाणी सव्वापट.

रसायनी
होय. आणि इथे सातपूरवाल्यांना त्यांचं माप द्यायला हवं. एलडीएल यकृत थेट क्वचितच सोडतं. यकृत आधी मोठे, ट्रायग्लिसराइडने भरलेले गोळे सोडतं. स्नायू आणि चरबीत ते रिकामे होत जातात आणि मधल्या आकाराचे उरतात. या मधल्यांपैकी बरेचसे यकृत त्याच रिसेप्टरने परत उचलतं, एलडीएल होण्याआधीच. रिसेप्टर कमी असले की हे मधले वेळेत उचलले जात नाहीत, रक्तातच राहून एलडीएल बनतात. म्हणजे एकाच कमतरतेने भोक लहान झालं आणि नळही मोठा झाला. यकृताने मूळ माल वाढवला नाही, तरी एलडीएल जास्त तयार होतो.

सातपूरवाला
म्हणजे मी म्हणत होतो ते अर्धं खरं. कारण चुकलं, पण जास्त बनतो हे खरं. मान्य.

रसायनी
एक सांगून ठेवतो. दोन्ही प्रती खराब असलेल्यांत ही वाढ स्पष्ट मोजली गेलीय, जवळपास दुप्पट. एक प्रत खराब असलेल्यांत वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे जुळत नाहीत, काहींत वाढ दिसते, काहींत दिसत नाही. तेव्हा तुमचा सव्वापट हा पंचवटीकरांच्या आकड्याला बसणारा अंदाज समजा, मोजमाप नव्हे.

मीनल_गंगापूररोड
माझं सांगते, कदाचित उपयोग होईल. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं एलडीएल १९८ आलं. मीही आधी घराण्याचा दोष समजले. पण सोबत थकवा, केस गळणं, अंगावर सूज. टीएसएच केलं तर ६० च्या वर. थायरॉइडची गोळी सुरू झाली आणि चार महिन्यांत एलडीएल ११२, कोलेस्टेरॉलची एकही गोळी न घेता. दादा, तुमचं टीएसएच झालंय का?

रसायनी
हे मी आधीच विचारायला हवं होतं. थायरॉइडचं संप्रेरक कमी पडलं की यकृत रिसेप्टर कमी बनवतं. जनुक शाबूत, हुकूमच कमी. शिवाय लघवीतून प्रथिन जात असेल किंवा पित्ताला अडथळा असेल तरी आकडा चढतो. हे तपासल्याशिवाय घराण्यावर बोट ठेवू नये.

पंचवटीकर
टीएसएच २.१ आहे, फाइलमध्ये सापडलं. लघवी आणि यकृताचे रिपोर्टही नीट आहेत.

थॉमसनवाला
सर, क्रेटचं राहिलं. ‘पुढे लागणार’ म्हणाला होतात.

रसायनी
विसरलो नव्हतो. रक्तात यकृताचंच एक प्रथिन फिरतं, त्याचं नाव पीसीएसके९. ते रिसेप्टरला बाहेरून चिकटतं. असा चिकटलेला रिसेप्टर आत गेला की आम्लातही सुटत नाही, गोळ्याबरोबर तोही तोडला जातो. तुमच्या भाषेत, द्राक्षं क्रेटला अशी चिकटली की क्रेटसकट सगळं क्रशरमध्ये गेलं. १२० खेपांचा क्रेट पाचव्या खेपेला संपला.

२००३ मध्ये फ्रान्समधल्या घराण्यांत हे सापडलं. त्यांचा रिसेप्टर चांगला होता, पण हे प्रथिन अतिउत्साही होतं, आणि आजार हुबेहूब तोच. नंतर उलटीही माणसं सापडली, ज्यांच्यात हे प्रथिन जन्मतःच निकामी, एलडीएल आयुष्यभर कमी आणि हृदयविकार फारच कमी. आता त्याला अडवणारी इंजेक्शनं आहेत.

आणि एक गंमत. स्टॅटिनने जो हुकूम सुटतो, त्याच हुकुमाने पेशी पीसीएसके९ही जास्त बनवते. एका हाताने क्रेट आणते, दुसऱ्या हाताने मोडते. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तरी जेमतेम सहा टक्के जादा उतार मिळतो, त्यामागचं हे एक कारण.

सिडको_आजोबा
इंजेक्शनं महाग असतील. माझे मेथीदाणे काय वाईट?

परिचारिका_नाशिकरोड
काका, मेथीने अपाय नाही, पण २५० ला ती पुरत नाही. इथे रिसेप्टरची एक प्रत गेलीय. दादांनी तीन महिने पथ्य करून २३१ आणलं ते वाया नाही हो. साय-तूप, डालडा जास्त असेल तर यकृत रिसेप्टर आणखी कमी करतं, ते थांबलं म्हणून १९ उतरले. पण पथ्याची धाव तेवढीच.

पंचवटीकर दादा, एक करून बघा. उघड्या पायाने, पोट खाली करून झोपा, टाचेमागची जाड शीर दोन बोटांत धरा. बायकोची पण धरा. तुमची जाड, गाठाळ लागते का? आणि आरशात बुबुळाच्या कडेला पांढुरकं वलय आहे का? पंचेचाळिशीच्या आत ते असेल तर अर्थ असतो. नसेल तर मात्र ‘आजार नाही’ असं समजू नका, कित्येकांना नसतंच.

पंचवटीकर
ताई, शीर जाडच आहे. बायकोच्या दीडपट तरी. मला वाटायचं बुटांमुळे आहे, कॉलेजपासून तिथे चोळून चोळून मलम लावतोय. वडिलांच्या बुबुळांभोवतीचं वलय मात्र मला चांगलं आठवतं, लहानपणी मी विचारलं होतं की बाबा, तुमच्या डोळ्यांत हा पांढरा गोल कसला.

आज रात्रीपासून गोळी सुरू करतो.

वॉल्व्हवाला
दादा, भावाचं आणि मुलांचंही बघा. एक प्रत पुढे जाते म्हणजे प्रत्येकाला निम्मी शक्यता.

सातपूरवाला
जनुकाची तपासणी करून घ्यावी का? मुंबईला नमुना पाठवतात असं ऐकलं.

रसायनी
सापडलं तर घरातल्या इतरांचं निदान सोपं होतं, कारण मग नेमका तोच दोष शोधायचा. पण कित्येकांत स्पष्ट लक्षणं असूनही काहीच सापडत नाही. शिवाय दोष रिसेप्टरमध्येच असेल असं नाही. कधी गोळ्यावरच्या प्रथिनाची मूठ खराब असते, हात चांगला. रक्तातला परिणाम तोच. उपचार अडत नाही, म्हणून मी घाई करणार नाही. इतरांचं मत वेगळं असू शकतं.

मीनल_गंगापूररोड
माझं वेगळं आहे. घरात मुलं असतील तर तपासणी लगेच करावी, पैसे साठवून का होईना.

*(सात आठवड्यांनंतर)*

पंचवटीकर
धागा वर आणतोय. रोसुवास्टॅटिन २० ची रोज एक गोळी, सहा आठवडे. परवा रिपोर्ट आला, एलडीएल १२८. अंगदुखी वगैरे काही नाही. रिपोर्ट हातात घेऊन मी वडिलांच्या फोटोसमोर बराच वेळ बसलो. त्यांच्या वयाच्या चाळिशीत ही गोळी नाशिकमध्ये मिळत होती, पण त्यांचं कोलेस्टेरॉल कोणी कधी मोजलंच नाही.

डॉक्टर म्हणाले, अजून खाली हवं, सोबत एझेटिमाइब दिलंय. ते आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं अडवतं, यकृताकडे कमी पोहोचलं की ते आणखी दरवाजे उघडतं. हे मला आता सांगावं लागलं नाही, मीच डॉक्टरांना सांगितलं, ते हसले.

भावाचं १०४. सुटला. माझ्या सात वर्षांच्या मुलीचं १९८. बायको दोन दिवस बोलली नाही. पोर तर काटकुळी आहे, दिवसभर सायकल. तिला आत्ताच गोळी द्यायची का? सासूबाई म्हणतात एवढ्या लहान जिवाला औषध नको, वयात आल्यावर बघू.

सिडको_आजोबा
सासूबाईंचं मलाही पटतं. सात वर्षं म्हणजे काहीच नाही.

परिचारिका_नाशिकरोड
काका, हिची टाकी जन्मापासून भरलेली आहे. मोठेपणी चढलेल्या १९८ आणि जन्मापासूनच्या १९८ मध्ये फरक असतो. आधी तीन महिन्यांनी परत मोजा, थायरॉइड बघा, एक आकडा धरून चालू नका. साधारण आठ ते दहा वर्षांच्या सुमारास सुरू करतात, त्यामुळे उद्याच द्यायची गरज नाही. पण ‘वयात आल्यावर’ ही फार उशिराची तारीख आहे.

रसायनी
नेदरलँड्समधला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. अशी २१४ मुलं, लहानपणी स्टॅटिन सुरू केलेली, २० वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यातल्या एका टक्क्याला हृदयाचा त्रास झाला. त्यांच्याच आजारी आईवडिलांत त्याच वयापर्यंत २६ टक्क्यांना झाला होता. आईवडिलांच्या तरुणपणी ही औषधं नव्हती, त्यामुळे तुलना अगदी काटेकोर नाही. सासूबाईंना हे वाचून दाखवा, निर्णय बालहृदयरोगतज्ज्ञांबरोबर बसून घ्या.

मीनल_गंगापूररोड
आणि तिला घाबरवू नका. तिच्यासमोर ‘आजार’ म्हणू नका.

थॉमसनवाला
दादा, पोरीला घेऊन मळ्यावर या एकदा, जानेवारीत तोडा सुरू होतो. क्रेट कसे जातात-येतात ते तिला दाखवू, मग तुम्ही सांगा तिला, हिच्यात क्रेट कमी आहेत म्हणून गोळी.

पंचवटीकर
येतो नक्की. मुलीची पुन्हा तपासणी मार्चमध्ये आहे. आणि आईचा रिपोर्ट अजून यायचाय, वडिलांकडूनच आलंय हे आपण सगळे धरून चाललोय, पण तिचं आजवर कोणी मोजलेलंच नाही.